मान आखडणं आणि संध्याकाळची डोकेदुखी: आधी कोपर मोजा

*"दोन वर्षं घरून काम करते, डायनिंग टेबलवर लॅपटॉप. दुपारी तीननंतर मान आखडते, मग मानेच्या मुळापासून कळ वर चढत उजव्या डोळ्यामागे येऊन बसते. रविवारी काहीच दुखत नाही. उशी बदलली, तेल लावून झालं, आठवड्यातून तीनदा गोळी घ्यावी लागते. उंची ५ फूट २. महागडी खुर्ची घेऊ का?"*

खुर्चीचे पैसे सध्या राहू द्या. रविवारी दुखत नाही म्हणजे संशय टेबलावरच जातो. माझी उंची जवळपास तुमच्याएवढीच, काम भाषांतराचं, आणि डोळ्यामागची ती कळ मी चार वर्षं "पित्त" म्हणून सहन केली.

पहिली गोष्ट, टेप घ्या. खुर्चीत बसून खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. माझं ६६ सेंटीमीटर आलं, टेबल ७५. म्हणजे नऊ सेंटीमीटरचा फरक मी दिवसभर खांदे उचलून भरून काढत होते. आपलं डायनिंग टेबल जेवायला ठीक असतं. टाइप करायला बहुतेक बायकांना ते उंचच पडतं. खांदे उचलून धरणारे स्नायू वर कवटीच्या मागच्या कडेला जोडलेले असतात. ते दमले की दुखणं कानशिलाकडे, डोळ्यामागे जाणवतं.

टेबल कापता येत नाही, तेव्हा आपण वर जायचं. खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवा. मऊ उशी नको, ती तासाभरात दबते. आता पाय लोंबकळतील, म्हणून खाली पाट. मला एकावर एक दोन लागले. पाय टेकले नाहीत तर आपण नकळत खुर्चीच्या कडेला सरकतो आणि पाठ सुटते, मग सगळी मेहनत वाया.

इथे मी एक चूक केली होती. आपण वर गेलो की डोळेही वर जातात, आणि लॅपटॉप होता तिथेच राहतो. मान आधीपेक्षा जास्त वाकली, आठवडाभर दुखणं वाढलं. लॅपटॉपची मूळ खोडच ही आहे की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले: एक नीट करायला जावं तर दुसरं बिघडतं. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माउस हा एवढाच खर्च खरा गरजेचा. लॅपटॉप वीतभर उचला (माझा वीस-बावीस जुन्या दिवाळी अंकांवर आहे), म्हणजे स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल. अंतर साधारण हातभर. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर काढाल आणि मान मागून दबेल.

तुमचं उजवीकडेच दुखतं, म्हणून माउस बघा. आकड्यांची पट्टी असलेल्या लांब कीबोर्डमुळे माउस दूर जातो आणि उजवा हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. आकडेमोडीचं काम नसेल तर आखूड कीबोर्ड घ्या. फोन खांद्यात धरून बोलायची सवय असेल तर इयरफोन लावा.

एवढं करूनही सलग दोन तास बसलात तर दुखेलच. "ताठ बसा" हा सल्ला मला कधी झेपला नाही. अर्ध्या तासाने उठणं मात्र जमलं, कारण टेबलावरची मोठी बाटली काढून छोटा पेला ठेवला. पाणी संपलं की उठावंच लागतं. त्या फेऱ्यांपैकी तीन वेळा भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे घ्यायची, खाली वाकवायची नाही. दुहेरी हनुवटी दिसली की बरोबर. पाच सेकंद धरा, आठ वेळा करा. मानेच्या मुळाशी हलका ताण जाणवावा. हाताला मुंग्या आल्या तर थांबा.

मला पहिला फरक दिसायला तीन आठवडे लागले. तोही असा, की डोकं तीनऐवजी सहाला दुखायला लागलं.

गोळ्यांचा हिशोब कॅलेंडरवर लिहा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मिश्र गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. तुम्ही आठवड्याला तीन म्हणता, म्हणजे महिन्याला बारा-तेरा. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवाच.

हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा, तापासोबत ताठलेली मान, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा एकाएकी उठलेली कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही असेल तर सतरंजी-पाट करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सोसवत नाही असं असेल तर ती अर्धशिशी असू शकते आणि तिचे उपचार वेगळे.

कोपराचं माप काय येतं ते कळवा. सतरंजीच्या किती घड्या लागतील ते मग सांगते.