बायोडेटात दिवस नको, तारीख लिही

इंदूर, 20 सप्टेंबर 2025

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी आई रामबागेत भेटली. अर्ज करून महिनाभर झाला तरी पुण्याच्या कंपन्यांकडून तुला एकही फोन नाही म्हणून काळजीत होती. तू पाठवलेला बायोडेटा काल रात्री नीट वाचला. काम चांगलं मांडलं आहेस, त्यात मला काही सुचवायचं नाही. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी, वडिलांचं नाव आणि छंद यांच्यामध्ये ही ओळ आहे:

```
Notice Period: 3 Months (Negotiable)
```

तू राजीनामा 4 ऑगस्टला दिलास, म्हणजे तुझे निम्म्याहून थोडे जास्त दिवस सरले आहेत. पण वाचणाऱ्याला ते कसं कळावं? तो आजपासून तीन महिने मोजतो आणि डिसेंबरच्या विसाव्या तारखेपर्यंत पोचतो. त्याला माणूस नोव्हेंबरात हवा असेल, तर तुझं बाकी काही न वाचताच तो पुढे जातो. मी सतरा वर्षं भरतीचं काम केलं, आणि अशी पानं मीही बाजूला ठेवली आहेत. शंभर अर्ज समोर असताना प्रत्येकाला फोन करून ‘तुमचे नेमके किती दिवस उरले’ असं कोणी विचारत बसत नाही.

दिवसांचा आकडा रोज शिळा होतो, तारीख होत नाही. म्हणून राजीनामा दिलेल्याने शेवटच्या दिवसाची तारीखच लिहावी. ‘निगोशिएबल’ हा शब्द काढून टाक. त्यातून किती दिवस कमी होतील हे कळत नाही, फक्त तुझंच अजून नक्की नाही असं वाटतं.

आता ती तारीख कोणती? तुझ्या नेमणूकपत्रात 90 दिवस आहेत आणि तू बायोडेटात तीन महिने लिहिलेस. दोन्ही एकच नव्हे. 4 ऑगस्ट हा पहिला दिवस धरला तर नव्वदावा दिवस 1 नोव्हेंबरला येतो, तीन महिने धरले तर 3 नोव्हेंबरला. पण या हिशेबावर तू तारीख ठरवू नकोस. राजीनामा स्वीकारल्याच्या एचआरच्या मेलमध्ये जी असेल तीच खरी. 1 नोव्हेंबर शनिवार आहे, म्हणून तुझ्या मेलमध्ये शुक्रवार, 31 ऑक्टोबर आहे. तो मेल जपून ठेव. नवी कंपनी तो मागू शकते.

एक खाचखळगा मात्र आधीच बघ. आई म्हणाली, दिवाळीला तू पाच दिवस सुट्टी घेणार आहेस. नोटिशीच्या काळात घेतलेली रजा पुष्कळ ठिकाणी पुढे जोडतात. तसं झालं तर तुझा शेवटचा दिवस 7 नोव्हेंबरवर जाईल आणि तू लिहिलेली तारीख खोटी ठरेल. सोमवारीच एचआरला लेखी विचार, आणि उत्तर येईपर्यंत सुट्टी पक्की धरू नकोस. उरलेली रजा वळती करून लवकर सुटता येतं का, हेही त्याच मेलमध्ये विचार.

पैसे भरून उरलेले दिवस सोडवण्याचं, म्हणजे बायआउटचं, नेमणूकपत्रातलं कलम पुन्हा वाच. ‘कंपनीच्या मर्जीने’ असे शब्द असतील, तर तो तुझा हक्क नाही. वसुली मूळ पगारावर की पूर्ण पगारावर, हेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि त्यात बराच फरक पडतो. लेखी होकार हातात नसेल तर बायोडेटात बायआउटचा उल्लेखही करू नकोस.

शुक्रवारी इथून सुटून सोमवारी पुण्यात हजर होशीलही, पण घर बघायला, सामान हलवायला दोन दिवस ठेव. रजेचा प्रश्न तुझ्या बाजूने सुटला, तर ओळ अशी होईल:

```
Serving notice | Last working day: 31 Oct 2025 | Can join in Pune from 5 Nov 2025
```

ही पहिल्या पानावर, नाव आणि फोन नंबरच्या लगेच खाली टाक. पत्त्यात इंदूर दिसलं की हा पुण्याला येणार का, अशी शंका येते. तीही इथेच मिटते.

नोकरीच्या पोर्टलवरही हेच बदल. नोकरी डॉट कॉमवर तू अजून `3 Months` ठेवलं आहेस. भरती करणारे तिथे नोटिशीच्या काळावर गाळणी लावून शोधतात, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यात येणारा माणूस शोधताना तुझं नाव यादीत येतच नाही. तिथे `Serving Notice Period` निवड आणि तीच तारीख भर. बायोडेटात एक आणि प्रोफाइलवर दुसरी दिसली, तर दोन्हींवरचा विश्वास जातो.

तुझ्या धाकट्या बहिणीने अजून राजीनामा दिलेला नाही, म्हणून तिने तारीख घालू नये. तिने ‘राजीनाम्यापासून 60 दिवस’ एवढंच लिहावं.

एचआरचं उत्तर आलं की ओळ पक्की करून मला पाठव. मंगळवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

तुझी,
मावशी