ईसॉपचा शेअर ५०० चा धरायचा की ४०० चा?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका अनलिस्टेड सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी सोडतेय. माझे ४,००० ईसॉप व्हेस्ट झालेत, एक्सरसाइज प्राइस १०० रुपये, मुदत ९० दिवस. मर्चंट बँकरच्या रिपोर्टमध्ये इक्विटी ५० कोटी, शेअर १० लाख आणि भाव ५०० रुपये आहे, म्हणून एचआर म्हणते १६ लाखांचा फायदा आहे. माझे मिस्टर म्हणतात, बाकीच्यांसकट दीड लाख ईसॉप आणि कर्ज देणाऱ्या फंडाचे २५० रुपयांचे एक लाख वॉरंट धरले की भाव ४०० च. नव्या नोकरीसकट यंदाचं उत्पन्न २८ लाख होईल. घराच्या बुकिंगसाठी ठेवलेली १२ लाखांची एफडी मोडून सगळे ईसॉप घ्यावेत का?

उत्तर: सगळे घेऊ नका. थोडे घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याआधी भावाचा घोळ सोडवू, कारण एचआरचा आकडा चुकतोय आणि तुमच्या मिस्टरांचाही.

ईसॉप म्हणजे कंपनीचा शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क. तो पक्का झाला की व्हेस्ट झाला म्हणतात, आणि पैसे भरून शेअर घेणं म्हणजे एक्सरसाइज. वॉरंट हा तसाच हक्क, इथे तो फंडाकडे आहे. एचआरने ५० कोटींना १० लाखांनी भागलंय. म्हणजे आज कागदावर असलेलेच शेअर मोजले. पण ५०० चा शेअर १०० रुपयांत मिळत असेल तर तुमच्यासारखे बाकीचेही तो कधी ना कधी घेणार. २५० चं वॉरंट हातात असलेला फंडही घेणार. हे शेअर बाजारातून विकत आणून दिले जात नाहीत, कंपनी ते नव्याने छापते. तेव्हा १० लाखांचे साडेबारा लाख होतील, आणि कंपनी तेवढीच राहून वाटेकरी वाढतील. डायल्यूशन म्हणतात ते हेच.

तुमच्या मिस्टरांनी वाटेकरी बरोबर मोजले. ५० कोटी भागिले साडेबारा लाख, म्हणून ४००. मात्र हे नवे वाटेकरी रिकाम्या हाताने येत नाहीत. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी घालतो, पण इथे प्रत्येक पाहुणा थोडी डाळ घेऊन येतोय. दीड लाख ईसॉपचे १०० रुपयांप्रमाणे दीड कोटी आणि एक लाख वॉरंटचे २५० रुपयांप्रमाणे अडीच कोटी, असे चार कोटी रोख कंपनीच्या खात्यात जमा होतील. म्हणून हिशेब असा मांडायचा:

(आजची इक्विटी + एक्सरसाइजचे आलेले पैसे) ÷ (जुने शेअर + नवे शेअर)

५० कोटी अधिक ४ कोटी म्हणजे ५४ कोटी, भागिले साडेबारा लाख. भाव येतो ४३२ रुपये.

हा आकडा खरा का, याचा ताळा करून बघा. जुन्या १० लाख शेअरचा भाव ५०० वरून ४३२ झाला, म्हणजे शेअरमागे ६८ रुपये, एकूण ६ कोटी ८० लाख त्यांच्याकडून गेले. ते कुठे गेले? ईसॉपवाल्यांना शेअरमागे ३३२ रुपये सुटले, दीड लाखांवर ४ कोटी ९८ लाख. वॉरंटवाल्या फंडाला १८२ रुपये, एक लाखावर १ कोटी ८२ लाख. बेरीज ६ कोटी ८० लाख. ईसॉपमध्ये मिळणारा पैसा हवेतून येत नाही, तो जुन्या भागधारकांच्या वाट्यातून येतो, आणि एक्सरसाइज केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जुन्या भागधारकांत तुम्हीही असता. म्हणून इतरांचे ईसॉप ही तुमचीही बाब आहे. तुमच्या एकट्या ४,००० शेअरने भाव जेमतेम दीड रुपयाने उतरतो.

आता कराकडे या, कारण या ४३२ ची झळ खरी तिथे बसते. एक्सरसाइज केलं की भाव आणि तुम्ही भरलेली रक्कम यांतला फरक पगाराचा भाग धरला जातो. शेअर विकलेले नसले, एक रुपया हातात आलेला नसला तरी. आणि तिथे भाव धरतात तो मर्चंट बँकरच्या रिपोर्टमधला. तुमच्या रिपोर्टप्रमाणे फरक ४०० रुपये, चार हजारांवर १६ लाख. २८ लाखांच्या वरचं हे सगळं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात पडतं, सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे ४ लाख ९९ हजार २०० रुपये कर. त्यात एक्सरसाइजचे ४ लाख मिळवा. जवळजवळ ९ लाख रोख लागतील, शेअरमागे २२४ रुपये ८० पैसे. ठरावीक मान्यता असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलत संपते, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग नाही.

उद्या शेअर ४३२ ला विकला गेला तर कागदोपत्री तुम्हाला शेअरमागे ६८ रुपये भांडवली तोटा दिसेल, कारण खरेदीची किंमत ५०० धरली जाते. हा तोटा पगारावर भरलेल्या करातून वळता होत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, तेही आठ वर्षांच्या आत. म्हणजे जो नफा कधी झालाच नाही त्यावर तुम्ही आज ३१.२ टक्के भरणार. रिपोर्टमध्ये भाव ४३२ आला असता तर कर ४ लाख १४ हजार ३३६ झाला असता, जवळपास ८५ हजारांनी कमी. म्हणून रिपोर्टची पूर्ण प्रत मागा. शेवटच्या पानांत एक छोटा तक्ता असतो: इक्विटीची किंमत, शेअरची संख्या, दर शेअरचा भाव. संख्येच्या ओळीला टीप आहे का बघा. तुमचा ५० कोटी भागिले ५०० हा हिशेब बरोबर १० लाखांवर येतोय, यावरून ईसॉप आणि वॉरंट त्यात धरलेले दिसत नाहीत. करासाठी चालणारा रिपोर्ट एक्सरसाइजच्या तारखेआधी १८० दिवसांपेक्षा जुना नसावा लागतो. नवा रिपोर्ट व्हायचा असेल तर तो ईसॉप आणि वॉरंट धरून करावा, अशी लेखी विनंती फायनान्सकडे जरूर करा. कंपनीने ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून करत नाही.

इथे एक खबरदारी घ्या. फंडिंग राउंडमध्ये गुंतवणूकदार जो भाव ठरवतात तो बहुतेक वेळा ईसॉप पूल, म्हणजे ईसॉपसाठी राखून ठेवलेले शेअर, यांसकट सगळे शेअर धरूनच काढलेला असतो. असा भाव तुमच्या हातात आला तर त्यातून पुन्हा डायल्यूशन वजा करू नका. लिस्टेड कंपनीतही जाहीर झालेल्या ईसॉपचा परिणाम बाजारभावात आधीच उतरलेला असतो. एकच गोष्ट दोनदा वजा करण्याची चूक मी हुशार लोकांच्या एक्सेलमध्ये पाहिली आहे. भाजक कोणता होता हे आधी विचारायचं, वजाबाकी नंतर.

दुसरी चूक म्हणजे सगळेच वॉरंट कायम मोजणं. कंपनीची किंमत अर्धी झाली, २५ कोटी, असं धरा. फंड २५० रुपये भरून तेवढ्याच किंवा कमी किमतीचा शेअर घेणार नाही. मग फक्त ईसॉप मोजायचे: साडेसव्वीस कोटी भागिले साडेअकरा लाख, भाव २३० रुपये. किंमत २६ कोटी झाली आणि कागदावर भाव २६० दिसला, तरीही ईसॉप धरून तो २३९ च होतो, म्हणून वॉरंट पडूनच राहणार. वॉरंटची तुलना नेहमी पातळ झालेल्या भावाशी करायची.

हा २३० चा आकडा तुमच्या निर्णयासाठी महत्त्वाचा आहे. तुमचा खर्च २२४ रुपये ८० पैसे. म्हणजे कंपनी निम्म्यावर आली तर तुम्ही कशाबशा बरोबरीत. एफडीचं करानंतरचं व्याज ५ टक्के धरलं तर चार वर्षांनी हीच रक्कम शेअरमागे २७३ रुपये झालेली असेल, तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही मागेच.

आणि हे सगळे वाटेकरी एका रांगेत आहेत असं धरून झालं. दहा लाखांतले चार लाख शेअर गुंतवणूकदारांचे सीसीपीएस, म्हणजे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर, आहेत आणि त्यांनी १२ कोटी घातलेत असं समजू. कंपनी ५० कोटींना गेली तर ते आपले शेअर साध्या शेअरमध्ये बदलून ४३२ घेतील, कारण त्यात त्यांना जास्त मिळतं. २५ कोटींना गेली तर ते करारातल्या हक्काने आधी आपले १२ कोटी उचलतील, हीच प्रेफरन्सची रक्कम. उरले १३ कोटी, त्यात ईसॉपचे दीड कोटी, भागिले साडेसात लाख: १९३ रुपये. चार हजार शेअरवर तुमचा सव्वा लाखाचा तोटा. म्हणून प्रेफरन्सची रक्कम किती, हेही विचारून घ्या.

आता माझं मत. सगळं सुरळीत होऊन ४३२ मिळाले तरी करानंतर तुमचा फायदा ८ लाख २८ हजार आहे, एचआरच्या १६ लाखांच्या जवळपास निम्मा. आणि तो कधी मिळेल याची तारीख कुणाकडे नाही. अनलिस्टेड शेअर मनात येईल तेव्हा विकता येत नाही, बहुतेक करारांत विकण्याआधी कंपनीची परवानगीही लागते. घराच्या बुकिंगचा हप्ता मात्र तारखेला द्यावाच लागतो. त्या एफडीतून ९ लाख काढणं मला पटत नाही.

कंपनीवर तुमचा विश्वास असेल, ग्राहक टिकतायत हे तुम्ही आतून पाहिलं असेल, तर योजनेत तुकड्याने एक्सरसाइजची मुभा आहे का बघा आणि १,५०० घ्या. दीड लाख एक्सरसाइजचे आणि १ लाख ८७ हजार २०० कराचे, असे ३ लाख ३७ हजार लागतील. पुढे ४३२ मिळाले तर ३ लाख १० हजार सुटतील, बुडाले तर बुकिंग थोडं लांबेल पण मोडणार नाही. हा कर कंपनी तुमच्या शेवटच्या हिशेबातून कापेल किंवा चेक मागेल, तेव्हा ती रक्कम आधीच बाजूला काढा.

एक्सरसाइजचा फॉर्म भरण्याआधी ९० दिवसांची मुदत वाढवून मिळेल का, हेही लेखी विचारा. काही कंपन्या जुन्या माणसांना एक-दोन वर्षं देतात. मुदत मिळाली तर आज एक रुपयाही घालायची गरज नाही: भाव वाढला तर तेव्हा घ्याल, पडला तर सोडून द्याल, आणि एफडी आहे तिथेच राहील. मेल आजच पाठवा, म्हणजे उत्तर यायला वेळ लागला तरी हातात पुरेसे दिवस राहतील. त्यात चार गोष्टी मागा: रिपोर्टची प्रत, दिलेल्या पण अजून न वापरलेल्या ईसॉपची संख्या आणि त्यांच्या किमती, वॉरंटच्या अटी, आणि प्रेफरन्सची रक्कम. पूलमधले अजून कुणालाच न दिलेले ईसॉप या हिशेबात धरू नका. आकडे वेगळे आले तर वरच्या सूत्रात घालून भाव पुन्हा काढा. प्रेफरन्स वजा करून, कंपनी निम्म्या किमतीला गेली असं धरून येणारा भाव २२४ च्या वर निघाला, तर १,५०० चे २,००० करायला मी तयार आहे.