कार्डाचे टोकन आणि ॲपमधली बटणे

प्रश्न: खरेदीच्या साइटवर माझे कार्ड टोकन करून सेव्ह केलेले आहे. मग बँकेच्या ॲपमधली ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅपची बटणे चालू-बंद करत बसायची गरज उरते का?

उत्तर:

गरज उरते, आणि त्यातही आंतरराष्ट्रीय बटणाची सर्वांत जास्त. टोकन एका विशिष्ट विक्रेत्याकडे साठलेल्या माहितीचे रक्षण करते. तुमच्या कार्डाचा मूळ क्रमांक दुसऱ्या कोणाच्या हाती लागला, तर तिथे टोकनाचा काही उपयोग होत नाही. बटणे नेमकी तिथे कामाला येतात. मी काही वर्षे एका बँकेत कार्डांच्या तक्रारी हाताळत होतो आणि या दोन गोष्टींची गल्लत करणारे ग्राहक मला जवळपास रोज भेटत. त्यांतले एक प्रकरण पुढे सविस्तर सांगतो, पण त्याआधी टोकन कसे चालते ते पाहू.

साइटवर कार्ड सेव्ह करताना तुम्ही संमतीच्या चौकोनात खूण करता आणि ओटीपी टाकता, तेव्हा तो विक्रेता, किंवा त्याच्या वतीने पेमेंट हाताळणारी कंपनी, कार्ड नेटवर्ककडे म्हणजे रूपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांच्याकडे टोकनाची मागणी करते. नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासारखाच दिसणारा एक वेगळा क्रमांक तयार करते, त्याची आणि मूळ क्रमांकाची जोडी स्वतःच्या तिजोरीत ठेवते आणि विक्रेत्याला फक्त तो नवा क्रमांक देते. विक्रेत्याकडे याशिवाय कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव राहते, जेणेकरून पडद्यावर तुम्हाला आपले कार्ड ओळखता यावे. पुढच्या खरेदीला तो विक्रेता टोकन पाठवतो आणि सोबत त्या एका व्यवहारापुरता तयार झालेला सांकेतिक मजकूर जोडतो. हे टोकन याच विक्रेत्याला दिले होते का आणि सोबतचा मजकूर खरा व ताजा आहे का, हे नेटवर्क तपासते. दोन्ही जुळले तरच टोकनाच्या जागी मूळ क्रमांक घालून विनंती तुमच्या बँकेकडे जाते. त्यामुळे एखाद्या साइटची सगळी माहिती चोरीला गेली, तरी चोराच्या हाती असा क्रमांक पडतो जो दुसऱ्या कोणत्याही दुकानात चालत नाही.

भारतात विक्रेत्यांसाठी हे ऐच्छिक राहिलेले नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये सेव्ह केलेल्या कार्डांसाठी टोकनाची परवानगी दिली, मुदत दोनदा वाढवली आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक व कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज कोणालाही मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास बंदी घातली. टोकन बनवून घेणे न घेणे मात्र तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. नको असेल तर दर वेळी पूर्ण क्रमांक टाइप करावा लागतो, एवढेच. जाता जाता एक खुलासा करतो, कारण ही शंका हमखास येते. सेव्ह केलेल्या कार्डावर हल्ली अनेक साइट सीव्हीव्ही विचारत नाहीत, त्याचा अर्थ त्यांनी तो साठवला आहे असा नाही. व्यवहार मंजूर झाल्यानंतर सीव्हीव्ही साठवायला कार्ड उद्योगाच्या नियमांनुसार कोणत्याही विक्रेत्याला मुभा नाही. टोकन तयार होताना त्याची पडताळणी एकदा झालेली असते आणि पुढे त्याचे काम सोबत येणारा सांकेतिक मजकूर करतो.

आता ते प्रकरण. एका निवृत्त गृहस्थांना रात्री दोनच्या सुमारास क्रेडिट कार्डावर एक डॉलर खर्च झाल्याचा संदेश आला. चार मिनिटांनी 149 डॉलरचा दुसरा संदेश आला, आणि लगेच तेवढ्याच रकमेचा तिसरा प्रयत्न मर्यादा संपल्यामुळे नाकारला गेला. एकाही व्यवहाराला ओटीपी आला नव्हता. सकाळी ते आले तेव्हा त्यांचा संशय एका भारतीय खरेदी ॲपवर होता, कारण त्यांच्या मते कार्ड ‘सेव्ह’ केलेले ते एकच ठिकाण होते. आम्ही नोंदी उघडल्या. टोकनाने झालेल्या व्यवहाराच्या नोंदीत टोकन वापरल्याची माहिती येते. इथे ती अजिबात नव्हती. व्यवहार मूळ क्रमांकावर झाला होता आणि विक्रेत्याचा देश परदेशातला होता. याचा अर्थ त्या खरेदी ॲपमधून काही निघाले असते, तरी त्यातून असा व्यवहार होऊच शकला नसता. बोलता बोलता त्यांना आठवले, की दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका परदेशी साइटवरून सॉफ्टवेअर विकत घेतले होते, त्यासाठी आंतरराष्ट्रीय बटण चालू केले होते आणि मग ते तसेच राहिले. क्रमांक तिथूनच फुटला हे सिद्ध झाले नाही. पण त्यांच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठलेला असण्याची आम्हाला सापडलेली ती एकमेव जागा होती.

या प्रकरणात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की मूळ क्रमांक साठवू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम परदेशातल्या विक्रेत्यांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिथे तुमचा खरा क्रमांक पडून असू शकतो. दुसरी गोष्ट ओटीपीची. देशातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ती जगभर असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात परदेशी विक्रेता अनेकदा केवळ क्रमांक आणि मुदतीच्या तारखेवर पैसे वळते करू शकतो, काही वेळा तर सीव्हीव्हीसुद्धा न मागता. एक डॉलरचा पहिला व्यवहार ही चाचणी असते. कार्ड जिवंत आहे का आणि परदेशी व्यवहार जातो का, हे चोर त्यातून ताडतो. बटण बंद असते, तर ती चाचणीच फसली असती आणि गृहस्थांना फार तर व्यवहार नाकारल्याचा एक संदेश आला असता. असा संदेश तुम्हाला कधी आला, तर बचावलो म्हणून सोडून देऊ नका. क्रमांक बाहेर गेला आहे असे समजून कार्ड बदलून घ्या.

त्यांनी त्याच सकाळी तक्रार केली हे बरे झाले. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणी माहिती फुटली असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार नोंदवली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत ती येते, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर सोडलेले असते.

बटणांच्या मागचा नियम टोकनाच्या आधीचा आहे. जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नवीन किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर, म्हणजे चिप आत घालून, चालते. ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप हे तिन्ही वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात. ही सोय बँकेने चोवीस तास द्यायची असते आणि प्रत्येक वापराची रकमेची मर्यादाही तुम्हाला ठरवता यायला हवी. ॲपमध्ये हे बहुधा ‘देशांतर्गत’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ अशा दोन भागांत दिसते आणि प्रत्येक भागात एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप अशी वेगळी बटणे असतात. माझी स्वतःची रीत अशी, की आंतरराष्ट्रीय भाग पूर्ण बंद, देशांतर्गत ऑनलाइन चालू पण मर्यादा महिन्यातल्या माझ्या सर्वांत मोठ्या नेहमीच्या खरेदीएवढीच, आणि टॅप फक्त एका कार्डावर चालू.

टोकन असले तरी त्याचे व्यवहार शेवटी बँकेकडेच येतात आणि बँक मूळ कार्डावरची बटणे व मर्यादा पाहूनच होकार देते. म्हणून देशांतर्गत ऑनलाइन बंद केलेत, तर सेव्ह केलेल्या कार्डाचाही व्यवहार अडतो, आणि साइटवर मात्र ‘पेमेंट अयशस्वी’ एवढेच मोघम दिसते. खरे कारण बँकेच्या संदेशात सापडते. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणीही अशाच वेळी अडू शकते. आंतरराष्ट्रीय बटणाची एक गंमत अशी, की साइटवर किंमत रुपयांत दिसत असली तरी विक्रेता परदेशात नोंदलेला असेल, तर तो व्यवहार आंतरराष्ट्रीय धरला जातो. एखाद्या ओळखीच्या सेवेचे पैसे अचानक जाईनासे झाले, तर आधी हे तपासा. लागल्यास पाच मिनिटांसाठी बटण चालू करून पैसे भरा आणि लगेच बंद करा. व्यवहार मंजूर होताना बटण चालू असले म्हणजे पुरते. रक्कम दोन दिवसांनी पक्की झाली तरी तोवर बटण चालू ठेवावे लागत नाही. याचीच दुसरी बाजू अशी, की आधीच मंजूर झालेला व्यवहार नंतर बटण बंद करून थांबवता येत नाही.

टॅपविषयी फार सांगण्यासारखे नाही. 1 जानेवारी 2021 पासून पाच हजार रुपयांपर्यंतचा टॅप पिनशिवाय होऊ शकतो, त्यामुळे खरी भीती हरवलेल्या कार्डाची आहे. गर्दीत कोणी यंत्र खिशाला लावले तरी कार्डामागे छापलेला सीव्हीव्ही त्यातून वाचला जात नाही. फोनने टॅप करता तेव्हा मात्र तिथेही टोकनच जाते, आणि म्हणून पावतीवरचे शेवटचे चार अंक कार्डावरच्या अंकांशी जुळले नाहीत तरी दचकू नका. वस्तू परत करताना दुकानदाराने कार्ड मागितले, तर ज्या फोनने पैसे दिले तोच पुढे करा.

शेवटी टोकन काढून टाकण्याविषयी. खरेदीचे ॲप फोनमधून काढल्याने टोकन रद्द होत नाही. कोणत्या विक्रेत्यांकडे तुमच्या कार्डाची टोकने आहेत त्यांची यादी तुमच्या बँकेने दाखवायची असते, आणि तिथूनच एकेक रद्द करता येते. कार्ड बदलले, तर जुन्या विक्रेत्यांशी नवे कार्ड जोडायला पुन्हा तुमची संमती लागते. वरच्या गृहस्थांनी नवे कार्ड आल्यावर यादी उघडली, तेव्हा त्यांना ‘एकमेव’ वाटणाऱ्या ॲपसह सात विक्रेते निघाले. त्यांतल्या दोघांकडेच त्यांनी कार्ड पुन्हा जोडले.