वहीच्या शेवटच्या ओळीतलं इंटिग्रेशन

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करतो आणि त्यातली बहुतेक कामं होतातही. पण अवघड चॅप्टर रोज पुढे ढकलले जातात. दिवसभर बसूनही अभ्यास झाला असं वाटत नाही. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि मला एक डायरी आठवली. भांडुपची एक मुलगी दिवाळीनंतर आईबरोबर माझ्याकडे आली होती. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. डायरी बँकेतून फुकट मिळालेली, पण वापर अगदी चोख. पानापानावर दहा-अकरा कामं आणि जवळजवळ सगळ्यांसमोर टिक. मी पानं उलटत गेले तर प्रत्येक पानाच्या तळाशी एकच शब्द, 'इंटिग्रेशन', आणि त्यापुढे दुसऱ्या दिवसाकडे जाणारा बाण. अशी एकोणीस पानं मोजली. आई म्हणाली, "आळशी नाहीये हो ती, सारखं काहीतरी चालूच असतं." ते खरंच होतं.

आदल्या दिवसाची यादी आम्ही समोर ठेवली. फिजिक्स जर्नलचे दोन प्रयोग, गुरुवारच्या केमिस्ट्री टेस्टची तयारी, मैत्रिणींना नोट्सचे फोटो, क्वेश्चन बँकेची झेरॉक्स, ईव्हीएस प्रोजेक्टचं कव्हर, क्लासचा एक व्हिडिओ, इंग्रजीचं एक पत्र, धाकट्या भावाचा गृहपाठ, दळण, रोटेशनची गणितं आणि शेवटी इंटिग्रेशन. अकरापैकी नऊ झाली होती. राहिलेली दोन कुठली, ते तू ओळखलं असशीलच.

पाठकोऱ्या कागदावर मी एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार खणांपैकी पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचं, दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडी नसलेलं, तिसऱ्यात तातडीचं पण फारसं महत्त्व नसलेलं आणि चौथ्यात दोन्ही नसलेलं. या चौकटीला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव चिकटलंय. गंमत म्हणजे 1954 सालच्या भाषणात त्यांनी स्वतः तातडीचं आणि महत्त्वाचं वेगळं असतं हा विचार एका कॉलेजच्या माजी प्रमुखांचा म्हणून सांगितला होता. म्हणजे गोष्ट फिरून कॉलेजातच आली.

तिने अकरापैकी आठ कामं पहिल्या खणात टाकली. "सगळंच अर्जंट आहे, मॅडम." असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं, आणि चौकट काढून लोक इथेच ती सोडून देतात. म्हणून मी प्रत्येक कामाला दोन प्रश्न लावायला लावते. तातडीसाठी विचारायचं, हे उद्या रात्रीपर्यंत झालं नाही तर नेमकं काय बिघडेल? कोण काय म्हणेल ते नको, काय बिघडेल ते सांग. महत्त्वासाठी विचारायचं, फेब्रुवारीच्या पेपरात हे लागेल का, आणि याच्यावर पुढचं काय काय उभं आहे?

दुसऱ्या प्रश्नाने इंटिग्रेशनचं वजन तिला पहिल्यांदा दिसलं. गणिताच्या दुसऱ्या भागात इनडेफिनिट इंटिग्रेशन अडलं की डेफिनिट इंटिग्रेशन अडतं, त्याचे उपयोग अडतात, डिफरन्शियल इक्वेशन्स अडतात. एक चॅप्टर राहिला असं तिला वाटत होतं, प्रत्यक्षात चारांची वाट बंद होती. पण त्याची उद्या कुणी सही मागत नव्हतं, म्हणून ते रोज तळाला जात होतं.

क्लासच्या व्हिडिओची गोष्ट उलटी. लिंक रात्री बाराला बंद होणार म्हणून तिने जेवण पुढे ढकलून तो पाहिला होता. विषय कॉलेजात शिकवून झालेला, तिला येत असलेला. घड्याळाने त्याला मोठं केलं होतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत नेमकं हेच दिसलं : मुदत संपत आली असं वाटलं की माणसं कमी फायद्याचं काम उचलतात आणि जास्त फायद्याचं बाजूला ठेवतात. तेव्हा हा दोष काही तुम्हा दोघांचाच नाही.

सगळ्यात जास्त वेळ जर्नलवर गेला. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला 30 मार्क असतात आणि जर्नलवर सही लागतेच, तेव्हा ते पहिल्या खणातच बसतं, तिचं बरोबर होतं. पण त्याला दोन तास लागले होते. मी विचारलं, त्या दोन तासांत काय काय केलंस? रीडिंग्ज, कॅल्क्युलेशन आणि ग्राफ मिळून पस्तीसेक मिनिटं. उरलेल्या वेळात कृती पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिली होती, मथळ्यांखाली पट्टीने दुहेरी रेघा मारल्या होत्या. म्हणजे एकाच कामाचा एक तुकडा पहिल्या खणात आणि दुसरा सरळ चौथ्या खणात. चौकट कामाच्या नावावरून भरली की हे लपून राहतं. काम फोडलं की दिसतं.

शेवटी पहिल्या खणात तीनच गोष्टी राहिल्या : जर्नलचा खरा भाग, केमिस्ट्रीची टेस्ट आणि दळण. दळणावर आम्ही दोघी हसलो, पण घरात पीठ नसेल तर ती तातडीच आहे.

तिसऱ्या खणाबाबत ऑफिसातली माणसं सांगतात की ते काम दुसऱ्याकडे सोपवा. बारावीच्या मुलीने कुणाकडे सोपवायचं? म्हणून माझ्याकडे त्या खणाचा नियम वेगळा आहे : ही कामं लहान करायची आणि एका वेळेला गोळा करायची. नोट्सचे फोटो मागितल्याबरोबर पाठवायचे नाहीत, रात्री साडेआठला सगळ्यांना एकदम. ग्रुपवरचे मेसेज दादरहून परतताना लोकलमध्ये. झेरॉक्स आणि दळण एकाच फेरीत. एक मैत्रीण दोन दिवस फुगली, मग सवय झाली.

दुसऱ्या खणाला मात्र जागा आणि वेळ दोन्ही लागतात, नाहीतर तो नुसता सुंदर अक्षरात लिहिलेला संकल्प राहतो. तिचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पहाटे पाणी येतं, सातनंतर टीव्ही सुरू. आम्ही दुपारी साडेचार ते पावणेसहा हा वेळ काढला, घराजवळच्या अभ्यासिकेत, फोन घरी ठेवून. जर्नल, पत्र, भावाचा गृहपाठ हे सगळं संध्याकाळी टीव्हीसमोर. जर्नलला टीव्हीचा आवाज चालतो, इंटिग्रेशनला चालत नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा दुसरा खण जसाच्या तसा होता. अभ्यासिकेत चार दिवस गेली होती, वही उघडली होती, पंधरा मिनिटांनी केमिस्ट्री काढली होती. माझा ठोकताळा असा की दुसऱ्या खणातलं काम सलग तीन दिवस त्याच शब्दांत राहिलं, तर वेळेचा दोष शोधू नये. एकतर काम फार मोठं लिहिलंय, नाहीतर त्याच्या आधीची एखादी पायरी निखळलीय. 'इंटिग्रेशन' हे काम नाही, ते चॅप्टरचं नाव आहे. त्याला सुरुवात कुठून करायची?

मी तिला माझ्यासमोर एकच गणित करायला सांगितलं. ∫ sin²x dx. तिने बराच विचार करून sin³x/3 असं लिहिलं. लिहिताना तिलाही ते पटत नव्हतं, पण दुसरं सुचत नव्हतं. sin²x = (1 − cos 2x)/2 असं लिहिलं की पुढे दोन ओळींत सुटतं, पण हे अकरावीच्या ट्रिगोनॉमेट्रीतलं सूत्र तिच्या हाताशी नव्हतं. अकरावीत ते नुसतं पाठ केलं होतं, परीक्षा झाली, विसरलं. तिला भीती वाटत होती ती इंटिग्रेशनची आणि अडत होतं दोन सूत्रांपाशी. टेबल आवरणं, कव्हर रंगवणं यात हात चालतो आणि डोकं सुटतं, म्हणून अशा वेळी माणूस तिकडे वळतो.

मग त्या खणात असं लिहिलं : 'डबल अँगलची सूत्रं न बघता लिहिणे, sin²x आणि cos²x ची चार गणितं, चाळीस मिनिटं.' दुसऱ्याच दिवशी टिक आली. चार दिवस सब्स्टिट्यूशनला, प्रत्येक दिवशी पाच गणितं. त्यानंतर बाय पार्ट्स, तेही आधी फक्त x आणि log x असलेली. तिसऱ्या आठवड्यात तिने मला ∫ x² log x dx करून दाखवलं, log x पहिलं का घ्यायचं हे मला समजावत. रोटेशनची गणितं अशीच फोडून तिने स्वतःची स्वतः लावली, मला विचारलंही नाही.

मध्ये एकदा गाडी घसरली. ती चौकट चार रंगांच्या पेनांनी काढू लागली, वर फुलं. रोज वीस मिनिटं. चौकट स्वतःच चौथ्या खणात जाऊन बसली म्हण ना. तेव्हापासून नियम केला की रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं, पाठकोरा कागद, एकच पेन.

तू सुरू करणार असशील तर दोन गोष्टी लक्षात ठेव. जर्नल सर्टिफाय करण्याच्या आठवड्यात पहिला खण खरोखरच भरतो. तेव्हा सव्वा तासाचा हट्ट धरू नकोस, एक गणित कर, वीस मिनिटं पुरेत. आणि प्रिलिम तोंडावर आली की चौकट बाजूला ठेव. तेव्हा सगळंच तातडीचं आणि महत्त्वाचं असतं, पेपरच्या तारखा लावून क्रम ठरवणं जास्त कामाचं. काम बारीक फोडूनही वहीसमोर बसवतच नसेल, छातीत धडधडत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र यादी आणि खण राहू देत. कुणाशी तरी बोलायला ये.

जानेवारीत ती डायरी पुन्हा दाखवायला आली होती. पानाच्या तळाला बाण अजून होता, पण आता त्या ओळीत पुढच्या प्रोजेक्टचं 'ईव्हीएस कव्हर' असं लिहिलेलं होतं, सलग बारा दिवस. मी विचारलं, शेवटी काय झालं त्याचं? म्हणाली, "पांढरंच दिलं, मॅडम. नाव आणि रोल नंबर लिहून. ईव्हीएसच्या मॅडमनी उघडून आतलं बघितलं आणि सही केली."