भाजीचा टेम्पो आला नाही, म्हणून पाटोडीचा रस्सा

लग्नाच्या दिवशी भाजीच आली नाही तर गावाकडचे आचारी ऐनवेळी काय करतात? एखादा खरा प्रसंग सांगाल का?

सांगतो. यवतमाळकडच्या खेड्यांत मी लग्नाचे स्वयंपाक करतो. मे महिन्यातलं लग्न, ४०० पानं. ठरलं होतं आलू-वांग्याची भाजी, मसालेभात, वरण, पुरी, बुंदी, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. किराणा आदल्या दिवशीच आला होता. भाजीचा टेम्पो पहाटे पाचला यायचा होता. साडेपाचला फोन आला, वाटेत पाटा तुटला, दुसरी गाडी कधी मिळेल सांगता येत नाही. पहिली पंगत साडेबाराची.

नवरीचे काका म्हणाले, "महाराज, पोरांना पाठवतो, घराघरांतून वांगी गोळा करू." मी नाही म्हटलं. उन्हाळ्यात गावातून फार तर दहा-बारा किलो निघाली असती, त्यात निम्मी कोवळी, निम्मी निबर. एकाच गंजात ती सारखी शिजत नाहीत, कोवळ्याचा गाळ होतो आणि निबर कच्चं राहतं. शिवाय अर्ध्या लोकांना भाजी आणि अर्ध्यांना नुसता रस्सा असं झालं की मुलीच्या बापाची मान खाली जाते. भाजीच्या जागी कमी भाजी वाढण्यापेक्षा जिन्नसच बदलावा, असं माझं पक्कं मत आहे.

कोठीत बेसन होतं, कांदा, लसूण, आलं, सुकं खोबरं, खसखस होती. त्या बेसनाचं पिठलं तासाभरात झालं असतं, पण लग्नाच्या पंगतीत पिठलं वाढलं की लोक ओळखतात, काहीतरी फसलं. पाटोडी म्हणजे बेसन घाटून, थापून कापलेल्या वड्या. त्यांचा रस्सा आपल्याकडे पाहुण्यांसाठीच करतात. म्हणून तोच ठरवला. काकांना म्हटलं, "भाऊ, चिंता करू नका. फक्त दुकान उघडायला लावा अन् आणखी बेसन आणा." एकूण १४ किलो लागलं. एका पानाला चार वड्या धरल्या की एवढं पुरतं.

सगळं बेसन एकदम घाटता येत नाही, गुठळ्या होतात आणि बुडाला लागतं. चार-चार किलोचे घाणे घेतले. एका घाण्याला साधारण ८ लिटर पाणी. निम्म्या थंड पाण्यात बेसन कालवून घ्यायचं, निम्मं पाणी फोडणीत उकळायचं. फोडणीत आलं-लसूण, हळद, तिखट, जिरं आणि जरा हात सैल सोडून ओवा, कारण उन्हाळ्यात एवढं बेसन पोटाला जड जातं. कालवलेलं बेसन उकळीत ओतलं की दोन माणसांनी उलथणं थांबवायचं नाही. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की झाकण ठेवून मंद आचेवर वाफ द्यायची. शिजलं का, हे पाहायला चमचाभर ताटलीत टाकून गार करायचं. बोटाला न चिकटता अख्खं उचललं गेलं तर झालं. चिकटलं तर अजून कच्चं आहे, ती वडी रस्स्यात विरघळणार. मग तेल लावलेल्या परातीत अर्धं बोट जाड थापायचं, वर खोबरं-खसखस दाबायची आणि निवल्यावरच कापायचं. पहिला घाणा एका पोराने गरमच कापायला घेतला, तर कडा फुटायला लागल्या. त्याला थांबवून पंख्याखाली परात ठेवली.

रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा केला आणि नेहमीपेक्षा पातळ ठेवला, वर लाल तर्री. वड्या त्यात आधी सोडल्या नाहीत. बेसन रस्सा पिऊन घेतं, अर्ध्या तासात वड्या फुगून मोडतात आणि खाली लगदा उरतो. वाढणाऱ्यांना बजावलं, आधी वाटीत चार वड्या, मग वरून उकळता रस्सा.

मसालेभातातली तोंडली गेली, तर साध्या भातावर चण्याच्या डाळीच्या भरड्याचे तळलेले गोळे कुस्करून वर हिंगाच्या फोडणीचं तेल दिलं. गोळाभात आमच्याकडे सणाचाच आहे. डाळ सकाळी गिरणीत भरडून आणली आणि भरडा अर्धा तास गरम पाण्यात भिजवला. काकडीच्या जागी शेतातल्या कैऱ्या किसून कांदा-गूळ-तिखटाचा तक्कू केला.

पंगत वेळेवर बसली. वऱ्हाडाकडचे एक आजोबा दुसऱ्यांदा पाटोडी मागताना काकांना म्हणाले, "आलू-वांग्याचा कंटाळा आला होता, बरं केलं." तिसऱ्या पंगतीला रस्सा आटला होता. त्यात उकळतं पाणी घातलं, मीठ चाखून वाढवलं. थंड पाणी घातलं असतं तर तर्री फाटून रस्सा फिका पडला असता.

टेम्पो दोन वाजता आला. वांगी ताजी होती, घरच्या मंडळींना ती रात्री भाकरीबरोबर केली.