जेल रोडवर दुकान टाकतोयस, तर ‘ऑनलाइन भाव जुळवून देऊ, माल परत घेऊ’ असा बोर्ड लिहिण्याआधी हा हिशेब कर

ब्लूटूथ स्पीकर तू २,३६० ला विकतोस असं धर. त्यात १८ टक्के जीएसटीचे ३६० गेले, उरले २,०००. खरेदी कराशिवाय १,८०० ची, म्हणजे हातात २००. गिऱ्हाईक मोबाइलवर २,२४२ चा भाव दाखवतं. तू ११८ कमी केलेस की नफा थेट १०० वर येतो. भाव पाच टक्केच उतरला, पण कमाई अर्धी झाली. म्हणून भाव जुळवायचा तो त्याच मॉडेलचा, ऑनलाइन तो माल शिल्लक असेल तर आणि बँकेची सूट वगळून. ती सूट तुला कोणी भरून देत नाही.

परताव्याचं दुखणं याहून मोठं. पैसे परत देताना क्रेडिट नोट काढ, म्हणजे भरलेला कर वळता होतो. पण सील तुटलेला तोच स्पीकर पुढे १,६५२ लाच गेला, तर कराशिवाय १,४०० आले, ४०० बुडाले. ते भरून काढायला दोन स्पीकर पूर्ण भावाने विकावे लागतील, भाव जुळवून विकलेस तर चार.

मी सीलबंद माल सात दिवसांत परत घेतो. उघडलेला असेल तर गिऱ्हाइकासमोर चालवून, सिरियल नंबर बिलाशी ताडून बघतो. बिलावर तो नंबर न लिहिल्याने एकदा दुसऱ्याच दुकानाचा जुना पीस माझ्या गळ्यात पडला होता.