रिव्ह्यू मागणारा मेसेज कसा बदलावा?

प्रश्न: "दुरुस्तीनंतर ग्राहकांना 'सेवा आवडली असेल तर कृपया ५ स्टार द्या' असा मेसेज पाठवतो. कुणीच लिहीत नाही. काय बदलू?"

उत्तर: 'आवडली असेल तर' आणि '५ स्टार' हे दोन्ही काढा. या शब्दांमुळे नाराज ग्राहक गप्प बसतो आणि समाधानी माणसालाही कौतुकाची सक्ती वाटते. शिवाय फक्त चांगले रिव्ह्यू मागणं गूगलच्या नियमांत बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही बसत नाही.

लोक बहुतेकदा अडतात ते 'काय लिहू?' इथे. म्हणून नेमकं विचारा. समजा, वॉशिंग मशीन दुरुस्त केलंय:

"नमस्कार, परवा आम्ही तुमचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं. आता ते नीट चालतंय का आणि आमचा माणूस ठरल्या वेळी आला का, हे एकदोन ओळींत लिहाल का? काही खटकलं असेल तर तेही लिहा." खाली एकच लिंक.

ती लिंक थेट रिव्ह्यू लिहिण्याच्या चौकटीवर उघडली पाहिजे. दुसऱ्याच्या फोनवर तपासा, कारण आपल्या फोनवर आपलंच खातं उघडं असतं. मेसेज त्याच दिवशी नको. मशीन दोनदा वापरून झाल्याशिवाय ग्राहक तरी काय सांगणार? आठवण फार तर एकदाच करा.